दोन अक्षरं, विनामूल्य

खोटं बोलता तुम्ही. तुमच्या वेबसाइटवर ठळक अक्षरात लिहून ठेवलं आहे, ‘नावातील तीन अक्षरांपर्यंतची चूक विनामूल्य दुरुस्त करून मिळेल.’ इथे चूक दोन अक्षरांची होती. दोनच. पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, पोरगी जितीजागती तुमच्या खिडकीपुढे उभी. तरी तुम्ही ती दुरुस्ती अशी केली, की शत्रूवरही अशी मेहरबानी कोणी करू नये. तुम्ही विमानं उडवता म्हणून आभाळाचा सातबारा काही तुमच्या नावावर चढलेला नाही. तेव्हा खाली बसा आणि ऐका, तुमच्या त्या ठळक ओळीनं काय केलं ते.

सावंगी मेघेच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्योत्स्ना साटोणेचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, रेल्वेचं आणि विमानाचं तिकीट. नवरा गेल्यावर तिनं हे दुकान एकटीनं उभं केलं. दवाखान्याच्या कॉलेजातली अर्धी पोरंपोरी बाहेरगावची, सुट्टी लागली की तिच्याकडेच येणार. एखाद्यानं तिकीट दुसरीकडून काढलं असलं तरी बोर्डिंग पास मात्र ज्योत्स्नाताईकडूनच. तिचा एक नेमच होता. चेक-इन सुरू झालं रे झालं, की त्या मिनिटाला कॉम्प्युटरवर बसायचं आणि गिऱ्हाईकाला खिडकीची सीट धरून द्यायची. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला तर हमखास. त्याचे ती पैसे घेत नसे. “अरे, ढग नाई पाह्यले तं विमानात बसून केलं काय?” असं म्हणायची.

त्या शनिवारी सकाळी अकराला आकांक्षा उइके आली. मागे बाप मंगरू आणि माय भागीरथा. बोरच्या जंगलाकाठचं गोंडांचं गाव त्यांचं. मंगरू वनखात्याच्या कामावर मजुरीनं जातो, भागीरथा मोहफुलं, तेंदूपत्ता, जे हंगामाला असेल ते वेचते. आकांक्षानं सावंगीतच लॅब टेक्निशियनचं शिक्षण केलं, तीन वर्षं लोकांचं रक्त तपासलं, आणि आता मस्कतच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. त्यांच्या गावातून बाई माणूस सोडा, गडी माणूसही कधी समुद्र ओलांडून गेलेला नव्हता.

“ताई, तिकीट आलं काल संध्याकाळी,” आकांक्षानं फोन पुढे केला. “सोमवारचं. नागपूरवरून मुंबई, मुंबईवरून मस्कत.”

“इतक्या उशिरा? तुझा व्हिसा तं महिन्याभरापासून येऊन पडला आहे ना?”

“नागपूरचा प्रफुलभाऊ म्हने, होते होते. अन् व्हिसाची शेवटची तारीख सोमवारच आहे. सोमवारी रात्री बारापर्यंत तिथं शिक्का पडला पायजे.”

“सोमवारच?” ज्योत्स्नानं कपाळाला हात लावला. “याले म्हन्तात मांडवात आल्यावर नवरदेवाचे जोडे शोधनं.”

प्रफुल म्हणजे नागपूरचा नोकऱ्या लावून देणारा. त्यानं आकांक्षाच्या कागदांवरून तिकीट मागवलं होतं. भागीरथा बाकावर बसली. तिनं पोरीला गोंडीतून काहीतरी विचारलं, पोरगी हसली.

“माय विचारते, विमानात खिडकी उघडते का म्हनून.”

“उघडत नाई जी माय, पन दिसते सगळं,” ज्योत्स्ना म्हणाली. “थांबा, तुमच्या पोरीले अशी सीट देतो, का वरून बोर धरनच दिसलं पायजे.”

सोमवारी सकाळी अकरा वीसचं विमान, म्हणजे अठ्ठेचाळीस तास आधी, अकरा वीसलाच चेक-इन उघडणार. ज्योत्स्ना घड्याळाकडे डोळे लावून बसली. उघडल्याबरोबर तिनं बुकिंगचा नंबर टाकला. नाव तिकिटावरून आपोआप आलं. तिनं पासपोर्टचा नंबर टाकला, जन्मतारीख टाकली, पासपोर्ट कधी संपतो ते टाकलं. नाव टाकायची जागाच नव्हती, म्हणून नावाकडे पाहायचीही वेळ आली नाही. चौदा-अ. खिडकी. पुढच्या विमानातही खिडकी. दाबलं बटन. झालं.

प्रिंट निघाला. तो प्लास्टिकच्या फोल्डरात घालताना तिनं पासपोर्ट शेजारी धरला आणि तिचा हात तिथंच थांबला.

पासपोर्टवर होतं UIKEY AKANKSHA. व्हिसावरही तेच. तिकिटावर होतं UIKE AKANSHA. आडनावाच्या शेवटचं एक अक्षर गायब, नावाच्या मधलं एक गायब.

“आकांक्षा, हे पाह्यलं नाई का तू?”

पोरीनं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही, आणि ज्योत्स्नाला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

“पाह्यलं होतं ताई. काल रातीच पाह्यलं.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“आमचं नाव तं सगळेच असंच लिहितात,” आकांक्षा म्हणाली. “शाळेच्या दाखल्यावर एक आहे. जातीच्या दाखल्यावर दुसरं. बाबाच्या राशन कार्डावर तं तिसरंच. जातीच्या पडताळणीसाठी दोन वर्षं चकरा मारल्या, तवा एक मेळ बसला अन् त्याच्यावर पासपोर्ट काढला. कोनाकोनाले सांगू? मले वाटलं, चालते.”

मंगरू बाकावरून म्हणाला, “मास्तरनं जे लिहिलं ते आमचं नाव, बाई. आम्ही काय विचारलं कधी?”

ज्योत्स्नानं फोन उचलला. तिला नियम पाठ होता. तीन अक्षरांपर्यंत विनामूल्य. दोनच तर होती. एक फोन केला की काम झालं, असं तिला मनापासून वाटत होतं. ती हसलीसुद्धा. “घाबरू नका. हे तं मी रोज करतो.”

कंपनीच्या हेल्पलाइनवर बावीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक बाई बोलली. तिनं नंबर विचारला, नाव विचारलं, चूक समजून घेतली. “मॅडम, हे नक्कीच दुरुस्त होईल. पण तिकीट एजंटने काढलेलं आहे. जो तिकीट काढतो, त्यालाच नावाच्या दुरुस्तीची विनंती टाकता येते. तुम्ही तुमच्या एजंटशी बोला.”

एजंट म्हणजे प्रफुल. प्रफुलला फोन लावला.

“अरे ताई, दोन अक्षरांनं काय होते? चालून जाते. माझी कित्येक पोरं गेली अशी.”

“अन् नाई गेली ती?”

“तुम्ही लय टेन्शन घेऊन राह्यले.”

“प्रफुलभाऊ, व्हिसा सोमवारी संपते. काउंटरवर एखादा नियमानं चालनारा भेटला तं ही पोरगी घरी येईल, तुम्ही येनार नाई तिच्यासंगं. तिकीट तुम्ही काढलं का?”

प्रफुल घुटमळला. तिकीट त्यानंही काढलं नव्हतं. त्यानं मुंबईच्या मोतीलालकडून घेतलं होतं. हा मोतीलाल घाऊक तिकीटवाला, शेकडो छोटे एजंट त्याच्याकडून तिकिटं घेतात आणि कंपनीच्या दप्तरी तिकीट काढणारा म्हणून त्याचंच नाव असतं. आणि मोतीलालचं ऑफिस शनिवारी दुपारी बंद होतं ते सोमवारी दहालाच उघडतं.

एवढं समजायला ज्योत्स्नाची दुपार गेली. आकांक्षा, मंगरू, भागीरथा बाकावर बसून होते. मधे भागीरथानं फडक्यातली भाकर सोडली, चौघांनी खाल्ली. दुकानात झेरॉक्सला येणारे येत होते, जात होते. संध्याकाळी ज्योत्स्नानं त्यांना गावाकडे पाठवलं नाही, नालवाडीच्या आपल्या घरी नेलं.

रविवारी सकाळी प्रफुलनं कुठून तरी मोतीलालचा घरचा नंबर काढला. मोतीलाल भला माणूस निघाला. रविवार असून त्यानं घरून लॅपटॉप उघडला, पासपोर्टचा फोटो मागवला, विनंती टाकली. अर्ध्या तासानं त्याचाच फोन आला. त्यानं आधी हिंदीत उसासा टाकला, मग मराठीत बोलला.

“ताई, नामंजूर झाली. सिस्टीम म्हणते प्रवाशाने चेक-इन केलं आहे. चेक-इन झालेल्या तिकिटाचं नाव बदलत नाही. तिकीट उघडं पाहिजे. हे चेक-इन कोणी केलं?”

फोन स्पीकरवर होता. आकांक्षा समोर बसली होती. ज्योत्स्नाच्या तोंडात शब्द आला आणि तिनं तो गिळला.

“झालं कसंतरी,” ती म्हणाली. “काढता येते ना?”

“कंपनीच काढेल. मला हात लावता येत नाही. त्यांनी चेक-इन काढलं, तिकीट उघडं झालं, की मी दुसऱ्या मिनिटाला विनंती टाकतो. एकच नियम आहे, दोन अक्षरं आहेत, पास होणार म्हणजे होणार.”

हेल्पलाइन पुन्हा. पुन्हा गाणं. या वेळी दुसरी बाई. “मॅडम, चेक-इन रद्द करणं आमच्याकडून होत नाही. ते विमानतळावरचे कर्मचारीच करतात. निघण्याच्या तीन तास आधी काउंटर उघडतो, तेव्हा तिथे भेटा.”

ज्योत्स्नानं हिशेब मांडला. अकरा वीसचं विमान. आठ वीसला काउंटर उघडेल. दहा वीसला बंद होईल. मधे दोन तास. मोतीलाल कबूल झाला, “मी आठपासून फोन हातात घेऊन बसतो.” दोन तासात दोन अक्षरं. कागदावर सोपं होतं.

तिनं आकांक्षाला सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सांगितली नाही, की चेक-इनची ती कडी आपणच लावली आहे. दुकानात बसून, खिडकीच्या सीटपायी, हसत हसत लावली आहे.

सोमवारी पहाटे पाचला त्यांची गाडी वर्ध्याहून निघाली आणि सातला नागपूर विमानतळावर पोचली. दारावरच्या जवानानं आकांक्षाच्या हातातलं तिकीट आणि पासपोर्ट दोन्ही पाहिले, नखानं नावाची अक्षरं मोजली आणि बाहेरच्या तिकीट खिडकीकडे बोट केलं. “पहले वहाँ से ठीक करवाओ.” बरंच झालं. आत फक्त प्रवासी जातो, बाहेरच्या खिडकीशी तरी चौघं मिळून उभं राहता येत होतं.

खिडकी उघडली तेव्हा आठ वाजून चोवीस मिनिटं झाली होती. आत बसलेल्याच्या कोटावर अंकित लिहिलं होतं. तिशीतला, डोळे जाग्रणाचे. त्यानं ऐकून घेतलं, दोन्ही कागद समोर धरले आणि मान हलवली.

“हे असं मी पाठवू शकत नाही. तिकडे प्रवाशांची यादी आधीच जाते. व्हिसावर एक नाव, यादीवर दुसरं. तिकडून परत पाठवलं तर तुमचीच फजिती, आणि कंपनीला दंड.”

“मले मालूम आहे,” ज्योत्स्ना म्हणाली. “म्हनूनच आलो. तुम्ही फक्त चेक-इन काढून द्या. दुरुस्ती मुंबईवरून होते. माणूस फोन घेऊन बसला आहे.”

“तुम्ही एजंट आहात का?”

“मी कोनीच नाई. झेरॉक्सवाली आहो.”

अंकित पहिल्यांदा हसला. मग त्यानं पडद्यावर काही पाहिलं आणि ते हसू गेलं.

“मॅडम, एक अडचण आहे. नीट ऐका. आजचं मुंबईचं विमान जागांपेक्षा सहा जास्त विकलेलं आहे. सोमवार सकाळ आहे. सहा जण आत्ताच बिनसीटचे आहेत. हिचं चेक-इन झालेलं आहे, म्हणून हिची सीट पक्की आहे. चौदा-अ. ज्या क्षणी मी चेक-इन काढीन, त्या क्षणी ती सीट सुटेल आणि पहिल्या बिनसीटवाल्याला जाईल. नाव दुरुस्त होऊन येईपर्यंत ही उरलेल्या पाचांच्या मागे, सहावी असेल.”

“मंग सीट ठेवून नाव दुरुस्त करा.”

“ते होत नाही. चेक-इन असताना नावाला हात लागत नाही.”

“म्हंजे सीट ठेवली तं नाव चुकलेलं, जाऊ देत नाई. नाव सुधारलं तं सीट नाई, जाऊ देत नाई.”

अंकितनं डोळे मिटले आणि उघडले. “हो. बरोबर समजलात.”

“आतल्या साहेबाले विचारा ना.”

त्यानं विचारलं. फोनवर बराच वेळ हो सर, हो सर केलं. एकदा आवाज चढवलासुद्धा, “सर, दोनच लेटर्स आहेत.” मग फोन खाली ठेवला. “साहेब म्हणतात, एजंटच्या तिकिटावर विमानतळाचा अधिकार नाही. काढायचं का चेक-इन, ते प्रवाशाने सांगावं.”

मंगरूला यातलं अर्धं कळलं. त्यानं पोरीकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाकडे. “बाई, तुमी सांगान ते.”

आणि तिथं ज्योत्स्नाला ते गिळलेलं पुढे गिळवेना. विमानतळाच्या त्या गुळगुळीत फरशीवर, ट्रॉल्यांच्या खडखडाटात, ती आकांक्षाला म्हणाली, “आकांक्षा, हे चेक-इन मी केलं. शनिवारी, तुझ्यासमोर. मी ते केलं नसतं, तं तिकीट उघडं राह्यलं असतं. मोतीलालनं कालच नाव सुधारलं असतं. सीट बी भेटली असती. तुले खिडकी पायजे म्हनून मी घाई केली. अन् काल मी तुले हे सांगितलं नाई.”

आकांक्षा तिच्याकडे पाहत राहिली. राग दिसला नाही, माफीही दिसली नाही.

“मी कुठी मागतली होती खिडकी?” ती म्हणाली.

मागितली नव्हतीच. ज्योत्स्नानं मान खाली घातली. भागीरथानं काय झालं म्हणून गोंडीतून विचारलं. पोरीनं नुसता मायचा हात धरला. मग ती खिडकीकडे वळली.

“काढा जी चेक-इन. चुकीच्या नावानं तं तुम्ही पाठवनारच नाई. सुधारलेल्या नावानं निदान रांगेत तं राहीन.”

आठ एक्केचाळीसला अंकितनं चेक-इन काढलं. आठ बेचाळीसला मोतीलालनं विनंती टाकली. आणि मग तुमच्या त्या नाव सुधारणाऱ्या खात्याकडून, जिथं कोण बसतं हे देव जाणे, काहीच आलं नाही. नऊ वाजले. मोतीलालनं हेल्पलाइन लावली. नऊ वीस. त्याला सांगितलं, विनंती रांगेत आहे. नऊ चाळीस. ज्योत्स्ना फोनवर इतर विमानं शोधत होती. दुसऱ्या कंपनीचं साडेबाराचं विमान भरलेलं. त्याच्या नंतरचं मुंबईत पोचेपर्यंत मस्कतचं विमान निघून जातं. एकच रस्ता सापडला, दिल्लीवरून, तो मस्कतला उतरत होता मंगळवारी पहाटे दोनला. सोमवार संपून दोन तास झालेले. आणि असंही या तिकिटाचा पहिला टप्पा सोडला, की पुढचा आपोआप रद्द.

आकांक्षानं मस्कतच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, की व्हिसाची तारीख वाढवता येत नाही, नव्यानं अर्ज करावा लागेल, आणि खरं सांगायचं तर यादीतली पुढची मुलगी तयार आहे. आकांक्षानं “थँक यू मॅडम” म्हटलं. फोन ठेवून ती काचेपलीकडे पाहू लागली. आत पट्ट्यावरून लोकांच्या बॅगा चालल्या होत्या.

नऊ छप्पन्नला मोतीलाल ओरडला, “आलं! मंजूर झालं! थांबा, तिकीट नव्यानं काढतो.”

दहा सातला नवीन तिकीट फोनवर आलं. UIKEY AKANKSHA. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. एक रुपया घेतला नाही तुम्ही. आकांक्षाच्या जन्माच्या दाखल्यापासून आजवर कोणत्याही सरकारी कारकुनाला जे पहिल्या झटक्यात जमलं नाही, ते तुम्ही केलंत. मंगरूनं दोन्ही हात जोडून फोनलाच नमस्कार केला.

ज्योत्स्नानं फोन खिडकीच्या काचेला लावला. “हे घ्या. झालं. करा चेक-इन.”

अंकित पडद्याकडे बघत राहिला. त्यानं दोनदा बटनं दाबली. मग फोन उचलून आत विचारलं.

“काय झालं जी?” ज्योत्स्नानं विचारलं.

“चार जण आले नाहीत, म्हणून चार जागा सुटल्या,” तो हळू म्हणाला. “पण आधीचे सहा होते. पाचांची सोय झाली, एक अजून उभा आहे. त्याच्या मागे ही.”

“अन् चौदा-अ?”

अंकितनं पडद्यावर बोट टेकवलं. ती सीट नऊच्या आधीच त्या पाचांतल्या पहिल्याला गेलेली होती.

“अरे, पण ही पोरगी आठ वाजतापासून इथं उभी आहे!” ज्योत्स्नाचा आवाज चढला. खिडकीवरचे बाकीचे लोक वळून पाहू लागले. “तिकीट पक्कं. पैसे भरलेले. वेळेत आली. नाव बरोबर. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली तुम्ही, अन् घरी जाईल ही? त्याचा बी नियम आहे. जागा नाई म्हनून उतरवलं, तं तासाभरात दुसरी सोय करा, नाई तं भरपाई द्या. मले पाठ आहे तो नियम.”

“मॅडम, तो जागा नसल्याने उतरवलेल्यांसाठी आहे.”

“मंग हिले काऊन उतरवलं?”

अंकितनं पडदा किंचित वळवला. मुद्दाम वळवला असावा, कारण तसं करायची त्याला गरज नव्हती. इंग्रजीत एक ओळ होती. ज्योत्स्नानं वाचली, मग मराठीत मोठ्यानं सांगितली. ‘प्रवाशाच्या कागदपत्रांत तफावत. प्रवास नाकारला.’ वेळ टाकली होती आठ एक्केचाळीस.

“पन आता तफावत कुठी आहे?” आकांक्षा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

“ती नोंद आधीची आहे. ती आतून टाकली आहे. मला काढता येत नाही.”

दहा वीस झाले. अंकितच्या पडद्यावर काहीतरी लाल झालं. त्यानं हातातलं पेन ठेवलं. मंगरूनं पोरीची बॅग ट्रॉलीवरून उतरवून खांद्यावर घेतली. भागीरथानं डोक्यावर पदर घेतला. आयुष्यात त्यांनी किती कचेऱ्यांच्या खिडक्यांवरून अशी माघार घेतली असेल, त्यांचे हात आपोआप चालत होते. ज्योत्स्नाला ते बघवलं नाही. तिला वाटलं, मंगरूनं आपल्याला चार शिव्या तरी द्याव्या. त्यानं दिल्या नाहीत. उलट म्हणाला, “चाला बाई. तुमचं बी दुकान बंद पडलं दोन दिवस.”

आकांक्षा हलली नाही.

“बाबा, थांबा,” ती म्हणाली आणि खिडकीच्या काचेला दोन्ही तळवे टेकले. “साहेब, मी तुम्हाले काही म्हनत नाई. तुम्ही चांगले वागले. मी रक्त तपासतो. माझ्या हातानं एक नंबर चुकला, तं मले लिहून द्यावं लागते, कुठी चुकला, कोनी चुकवला, कवा सुधारला. सही करून. तुमच्या इथं बी असंल ना तसं? मले लिहून द्या.”

“काय लिहून देऊ?”

“काऊन नाई नेलं ते. नाव चुकलं होतं म्हनून नाई नेलं, का जागा दुसऱ्याले दिली म्हनून नाई नेलं. दोन्हीपैकी एक.”

“मॅडम, तुम्ही कस्टमर केअरला मेल करा. सात ते दहा दिवसांत...”

“दहा दिवसांनी काय करू मी उत्तराचं? व्हिसा आज मरते.” तिनं बॅगेतून एक कोरा कागद काढला, तिच्याच लॅबचा, वरच्या कोपऱ्यात दवाखान्याचं चिन्ह असलेला. तो काचेच्या फटीतून आत सरकवला. पेनही सरकवलं. “सुधारलेल्या नावानंच लिहा. आता तं तुम्हाले बी येते ते लिहिता. मी इथून हलत नाई.”

अंकितनं कागदाकडे पाहिलं. पेनाला हात लावला नाही. मग त्यानं आतला फोन उचलला आणि कोणातरी वरच्या माणसाला लावला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली.

आकांक्षा वाकून त्या फोनच्या दिशेनं बोलली, पलीकडे कोणी उचलला आहे की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“ऐकून राह्यले का जी? आठ एक्केचाळीसला माझी तफावत होती. दहा सातला नव्हती. दहा वीसपर्यंत दार उघडं होतं. त्या तेरा मिनिटांत मी कोन होती? सांगा.”